घशामागचे गळू: केव्हा थांबायचे, केव्हा चीर द्यायची

प्रतिक्रिया: "डॉक्टर, तीन वर्षांच्या मुलीवरचा आपला लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहितो. सीटी स्कॅनमध्ये घशामागे पू दिसत असताना आपण दोन दिवस नुसती इंजेक्शने देत थांबलात. पू असेल तिथे चीर द्यावी, हे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. श्वासाची वाट शेजारी असताना हा धोका कशासाठी पत्करला? आणि थांबायचेच होते, तर एवढ्याशा मुलीचे स्कॅन तरी कशाला केले? आमच्यासारख्यांनी असे मूल आले तर नेमके काय करायचे? – तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा एक डॉक्टर"

नमस्कार डॉक्टर,

काखेतल्या किंवा मांडीवरच्या गळवाबाबत तो नियम बिनचूक आहे, कारण तिथे बोट लावले की पू झाला आहे की नाही हे कळते. घशामागे ही सोय नाही. घशाची मागची भिंत आणि मानेचे मणके यांच्यामध्ये एक सैल पोकळी असते. ती कवटीच्या तळापासून थेट छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरते, आणि लहान मुलांत तिच्या दोन्ही अंगांना लसिकाग्रंथी असतात. नाकाचा मागचा भाग, अ‍ॅडिनॉइड, सायनस आणि मधला कान यांचा निचरा या ग्रंथींकडे होतो. साधारण चार-पाच वर्षांच्या वयानंतर त्या आक्रसत जातात, म्हणूनच हा आजार मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांचा आहे. सर्दी किंवा घशाच्या संसर्गानंतर आधी ग्रंथी सुजते, मग तिचा गाभा मऊ पडतो, पुढे तिच्यात पू होतो आणि शेवटी ती फुटून पू पोकळीत पसरतो. स्कॅनमध्ये मधल्या दोन अवस्था जवळजवळ सारख्या दिसतात: मध्ये काळसर भाग आणि भोवती कॉन्ट्रास्टने उजळलेली कड. अशी कड स्पष्ट दिसत असतानाही चीर दिल्यावर पू न मिळालेली मुले घशाचे काम करणाऱ्या प्रत्येक सर्जनने पाहिलेली असतात. संसर्ग ग्रंथीच्या आतच असेल, तर शिरेतून दिलेली प्रतिजैविके पुष्कळदा पुरेशी ठरतात.

त्या मुलीचा तपशील मागच्या लेखात त्रोटक राहिला होता, तो येथे देतो. पाच दिवसांची सर्दी, मग १०३ अंश ताप आणि डावीकडे कललेली मान. घरच्यांना मान लचकली असे वाटले आणि आजीने तेलही चोळले. तपासताना मी तिच्या डोक्यावर किल्ल्यांचा जुडगा धरला. तिने डोळे वर फिरवले, पण हनुवटी जराही उचलली नाही, आणि जुडगा बाजूला नेला तेव्हा मानेऐवजी सगळे अंग वळवले. मेंदूज्वरात मूल मान पुढे वाकवू देत नाही. या आजारात ते मान मागे नेण्याचे टाळते. ताप असलेल्या लहान मुलात ही एक गोष्ट दिसली, तर घशात फारसे काही दिसत नसले तरी मी त्याला घरी पाठवत नाही. घुरघुर, लाळ गळणे, तोंडात काही धरून बोलल्यासारखा दबका आवाज ही लक्षणे अनेकदा नंतर येतात, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर हातात वेळ फार थोडा उरलेला असतो.

तिचा मानेचा बाजूचा एक्स-रे काढला. दुसऱ्या मणक्यासमोरील मऊ भागाची जाडी सात मिलिमीटरपर्यंत असावी. तिची तेरा भरली. मात्र मूल रडत असेल, मान पुढे झुकलेली असेल किंवा श्वास सोडताना फिल्म निघाली असेल, तर निरोगी मुलातही ही जाडी वाढलेली दिसते. म्हणून मान शक्य तितकी सरळ ठेवून, श्वास आत घेतला असताना काढलेल्या फिल्मवरच मी भरवसा ठेवतो.

स्कॅन कशासाठी, या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मला त्यातून पू आहे की नाही एवढेच पाहायचे नव्हते. गळू किती मोठे आहे, मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्या कोणत्या बाजूला आहेत, शिरेत रक्ताची गाठ झाली आहे का आणि सूज छातीकडे उतरते आहे का, हे कळल्याशिवाय थांबणेही सुरक्षित नव्हते आणि चीर देणेही नव्हते. सोनोग्राफी मानेच्या बाजूच्या गाठी चांगल्या दाखवते, पण घशामागचा भाग तिला नीट दिसत नाही. तिचे गळू मध्यरेषेच्या उजवीकडे, जेमतेम दीड सेंटिमीटरचे होते आणि रक्तवाहिन्या त्याच्या बाहेरच्या अंगाला होत्या. मुलगी शांत बसत होती, चमच्याने पाणी गिळत होती, श्वासाला आवाज नव्हता. या सगळ्या गोष्टी एकत्र जमल्या, म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि क्लिंडामायसिन सुरू करून मी थांबलो.

हे थांबणे म्हणजे वाट पाहत बसणे नव्हते. तिला उपाशी ठेवून सलाईन लावले होते, परिचारिका दर दोन तासांनी श्वास, आवाज आणि लाळ पाहत होत्या, आणि भूलतज्ज्ञांना रात्रीसाठी आधीच सांगून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला आणि तिने दार उघडण्याच्या आवाजाकडे मान वळवून पाहिले. अठ्ठेचाळीस तासांत हे झाले नसते, तर मी चीर दिली असती. ताप हटत नाही आणि डोळे व ओठ लाल आहेत असे दिसले असते, तर कावासाकी आजाराचाही विचार केला असता, कारण त्यातही घशामागे सूज येते आणि ती पुवासारखी भासते.

श्वासाला त्रास असेल, गळू दोन-अडीच सेंटिमीटरहून मोठे असेल, सूज छातीकडे उतरत असेल किंवा मूल गळून गेले असेल, तर मी अठ्ठेचाळीस तास सोडाच, अठ्ठेचाळीस मिनिटेही थांबणार नाही. श्वास अडखळणाऱ्या मुलाला झोपेचे औषध देऊन स्कॅनच्या टेबलावर आडवे करणे हे मला या आजारातले सर्वांत घातक पाऊल वाटते. अशा वेळी आधी शस्त्रक्रियागृह, अनुभवी भूलतज्ज्ञ आणि श्वासनलिकेत नळी, स्कॅन त्यानंतर. नळी घालताना गळू फुटून पू फुप्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून सक्शन सुरू ठेवून हातात धरलेले असते. चीर तोंडातूनच, डोके खाली झुकवून, फुगवटा सर्वांत पुढे आलेला असेल त्या ठिकाणी उभी देतात. गळू रक्तवाहिन्यांच्या बाहेर पसरले असेल, तर मात्र मानेतून जावे लागते. मणक्याच्या क्षयाचे गळूही आपल्याकडे विसरून चालत नाही. ते आठवड्यांनी वाढते, बहुधा मध्यरेषेत असते, त्यात ताप बेताचा असतो, आणि ते तोंडातून उघडत नाहीत.

आपल्या दवाखान्यात असे मूल आले, तर जीभ दाबून घशात जोराने पाहू नका आणि फुगवटा बोटाने चाचपू नका. सुई टोचल्याने मूल घाबरून श्वासाचा त्रास वाढेल अशी स्थिती नसेल, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून देऊन टाका. मुलाला आईच्या मांडीवर, त्याला सोयीचे वाटेल तसे बसूनच पाठवा. आडवे करू नका. तोंडाने काही देऊ नका. आणि निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करून, मूल पोहोचेल तेव्हा कान-नाक-घसा सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही हजर असतील ना, हे स्वतः विचारून घ्या. दोघांपैकी एकच असेल, तर दूर पडले तरी दुसरे रुग्णालय निवडा, आणि वाटेत श्वास अडला तर सांभाळू शकेल असा डॉक्टर रुग्णवाहिकेत सोबत द्या.