सातबाऱ्याची साईट हॅक झालेली नाही, कॉम्प्युटरचं घड्याळ मागं आहे

"सातबाऱ्याची साईट हॅक झाली, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतंय, कोणीच उघडू नका."

तीच साईट मोबाईलवर उघडून पाहा. तिथं उघडत असेल, तर दोष तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळात शोधा. साईटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल, अशा दोन तारखा असतात. ब्राउझर त्या तुमच्या कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडतो. आपल्याकडं लाईन गेली की जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ मदरबोर्डवरच्या बटण सेलवर चालतं. तो संपला असेल, तर लाईन आल्यावर तारीख, समजा, 1 जानेवारी 2015 दिसते. मग यंदाचं प्रमाणपत्र ब्राउझरला 'अजून सुरूच न झालेलं' वाटतं आणि पडद्यावर `NET::ERR_CERT_DATE_INVALID` येतं. दुसऱ्या साईटीही अशाच अडतात, हीच खूण.

तारीख, वर्ष, टाइमझोन नीट करून ब्राउझर पुन्हा उघडा. रोज तेच होत असेल तर सेल बदला, बहुतेक डेस्कटॉपमध्ये CR2032 असतो. 'तरीही पुढे जा' मात्र दाबू नका.

घड्याळ बरोबर असून सगळ्यांनाच, मोबाईलवरही, हा एरर येत असेल तर गोष्ट साईटवाल्यांकडची. बहुतेकदा त्यांच्या प्रमाणपत्राची मुदतच संपलेली असते.