दीड तासाच्या वेबिनारच्या वीस क्लिपा होत नाहीत

दीड तासाच्या वेबिनारमधून पाच-सहा चांगल्या क्लिपा निघाल्या तरी पुष्कळ. तरी दर चार मिनिटांनी कात्री चालवून वीस तुकडे टाकणारे भेटतातच. असा तुकडा सुरू होतो "तर मघाशी बघितलं तसं" इथून, आणि बघणारा तिथेच पुढे सरकतो.

आधी प्रश्नोत्तरांचा भाग ऐका. तिथे विचारणाऱ्याचा प्रश्नच हुक असतो. मूळ भाषणात मात्र वक्ता पायरीपायरीने चढतो आणि मुद्दा शेवटी सांगतो, त्यामुळे क्लिप उलटी बांधावी लागते.

समजा, आरोग्य विम्यावरचा वेबिनार आहे. ४१:१० ला वक्ता रूम रेंटच्या मर्यादेवर येतो, पाच हजारांचं उदाहरण घेतो, आकडेमोड करतो आणि ४१:५२ ला म्हणतो, "खोली दहा हजारांची घेतली, तर डॉक्टरांची फीसुद्धा निम्मीच मिळते." हे चार सेकंदांचं वाक्य उचलून सुरुवातीला लावा आणि मग ४१:१० पासूनचं "मघाशी", "बरं का" गाळून स्पष्टीकरण द्या. जोडावर चेहरा टुणकन उडतो. तिथे फ्रेम साधारण दहा टक्के मोठी केली की ते खपून जातं.

पण याच वक्त्याने पुढे सांगितलेलं असतं की औषधं आणि इम्प्लांटला ही कपात लागत नाही. हे वाक्य लांबीसाठी उडवू नका. "निम्मं बिल तुमच्या खिशातून" असा मथळा तर नकोच, कारण तो खोटा आहे.

आता कापायचं कसं. घाईत ffmpeg मध्ये `-c copy` वापरलं की काप कीफ्रेमवरच बसतो. झूमच्या रेकॉर्डिंगमध्ये कीफ्रेम लांब लांब असू शकतात, मग सुरुवातीला चित्र गोठतं आणि आवाज पुढे पळतो. हुकची पहिली दोन सेकंदं त्यातच जातात. म्हणून पुन्हा एन्कोड करा:

```
ffmpeg -ss 00:41:05 -to 00:42:20 -i webinar.mp4 -c:v libx264 -crf 18 -c:a aac clip1.mp4
```

दोन्ही टोकांना थोडं जास्त घेतलंय, बारीक काटछाट एडिटरमध्ये करा.

उभ्या क्लिपचं खरं दुखणं म्हणजे स्लाइड. १९२०×१०८० मधून उभी चौकट कापली तर रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल उरते आणि तक्ता दोन्हीकडून छाटला जातो. अख्खी स्लाइड वर बसवली तर अक्षरं मुंगीएवढी. त्यापेक्षा स्लाइड काढून टाका आणि फक्त "मर्यादा ५,०००, खोली १०,०००" एवढंच ठळक लिहा. हा मजकूर तळाशी नको, तिथे रील्सचं नाव आणि कॅप्शन येतं.

सबटायटल हवेतच, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. आपोआप बनलेले मात्र आकड्यांसाठी एकदा डोळ्यांखालून घाला, "पाच हजार"चं "पाचशे" झालं तर सगळी क्लिप वाया. आणि शेवटचा शब्द संपला की अर्ध्या सेकंदात थांबा. लोगो फिरवत बसलात की लोक त्या आधीच निघून गेलेले असतात.