उदयला नॅनो पाठविण्याची कला

मोबाइलवर आलेला निरोप दुसऱ्या भाषेत पोहोचविण्याचे काम काही माणसांच्या गळ्यात आपोआप पडते. सांगलीच्या मार्केट यार्डात अशी माणसे पेढीगणिक सापडतात. हळद वाळव्याकडच्या शेतकऱ्याची, पेढी सांगलीची, ट्रक विजापूरकडचा आणि ट्रकवाल्याला कन्नडखेरीज काही वाचता येत नाही, असा योग जुळून आला की ज्याला दोन्ही भाषा येतात त्याच्यापुढे फोन सरकवून ‘एवढे जरा त्याला कळवा’ असे सांगण्यात येते. आपण त्या जागी असाल, तर डोक्याला तसदी न देता हे काम कसे उरकावे, याविषयी काही सूचना येथे देत आहे.

समजा, एप्रिलमधल्या एका संध्याकाळी शेतकऱ्याकडून पुढील निरोप आला. तो मराठीच लिहितो, पण इंग्रजी अक्षरांत, आणि त्याच्या फोनला मराठी येत नसल्यामुळे फोन ते सारे इंग्रजी समजून दुरुस्त करून देतो.

Uday gadi pathvu Nano 40 potty mall old age

पहिली सूचना अशी की, जो शब्द शुद्ध दिसतो त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा आणि जो विचित्र दिसतो त्याकडे दुर्लक्ष करावे. Nano, mall, old, age हे शब्द शब्दकोशात आहेत, म्हणजे ते खरे. pathvu हा कोठल्याच कोशात नाही, म्हणजे तो लिहिणाऱ्याचा अडाणीपणा. आमच्या पेढीवरचे एक वयस्क दिवाणजी नेमके उलटे सांगतात. त्यांच्या मते दुरुस्ती करणारे यंत्र जे काही घालते तो नेहमी खराखुरा, नीट स्पेलिंगचा शब्दच असतो. त्यामुळे अशा निरोपात जो शब्द वेडावाकडा राहिला तोच लिहिणाऱ्याच्या हातचा आहे, आणि जे शब्द कपडे इस्त्री करून बसलेले दिसतात त्यांची आधी झडती घ्यावी. pathvu तसाच राहिला, कारण त्याच्या आसपासचा एकही इंग्रजी शब्द फोनला सापडला नाही. gadi टिकला, कारण हा शब्द तो गृहस्थ दिवसातून अनेक वेळा लिहितो आणि त्याच्या फोनने तो एव्हाना आपलासा केला आहे. इतका खोल विचार करणाऱ्या माणसाचा चहा नेहमी गार होतो, हे मात्र आपण ध्यानात घ्यावे.

दुसरी सूचना : अक्षरांची मोजदाद करू नये. फ्रेड डॅमेरो नावाच्या संशोधकाने १९६४ साली दाखवून दिले होते की, लिहिण्यातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात : एक अक्षर बदलणे, एक गळणे, एक जास्तीचे पडणे किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. दुरुस्ती करणारी यंत्रे आजही साधारण याच अंतरातले शब्द आधी शोधतात, आणि म्हणून त्याच वाटेने उलटे चालत गेले तर मूळ शब्दापाशी पोहोचता येते, असा दिवाणजींचा हेका आहे. Uday मधली शेवटची दोन अक्षरे फिरवली की udya होते. mall मधला एक l काढला की mal. potty मधला एक t काढून y च्या जागी i ठेवला की poti. यात दोन पावले पडतात, पण फोनला ‘पोती’ ठाऊकच नाहीत म्हटल्यावर तो बिचारा लांबवर जाणारच. age मधल्या g ला लागूनच h ची कळ आहे, त्यामुळे ahe लिहिणाऱ्याचे बोट घसरले असावे, असा फोनने समज करून घेतला. बोट मुळीच घसरले नव्हते. चूक बोटाची नसून कोशाची असते, ही गोष्ट एकदा मान्य केली की मग प्रत्येक शब्दाशी थांबावे लागते. तेव्हा ती मान्यच करू नये.

आता Nano. येथे आपले कौशल्य पणाला लागते. उदय नावाच्या कोणा इसमाला नॅनो गाडी पाठवायची आहे, हा अर्थ किती सरळ आहे! ती गाडी २०१८ नंतर बनत नाही आणि तिच्यात हळदीची चाळीस पोती मावणार नाहीत, या क्षुल्लक अडचणी आहेत. दिवाणजींनी मात्र येथे बराच वेळ घालवला. एक तर घाईत लिहिणारा माणूस वाक्याच्या मध्ये मुद्दाम मोठे अक्षर टाकत नाही, तेव्हा तो मोठा N फोननेच आणला असणार. (Uday चा मोठा U मात्र काही सांगत नाही, कारण वाक्याच्या आरंभी फोन कोणालाही मोठे करतो.) मग एका अक्षराच्या अंतरावर मराठीत काय काय आहे ते त्यांनी कागदावर मांडले, तर दोन शब्द निघाले : nako आणि nana. ‘उद्या गाडी पाठवू नको’ हेही बसते, आणि ‘उद्या गाडी पाठवू, नाना?’ हेही व्याकरणाला सोडून नाही.

एका वाचनात गाडी येऊ नये असे आहे, दुसऱ्यात ती पाठवण्याची परवानगी मागितली आहे. येथे आपण नाणे उडवावे. दिवाणजींनी pathvu या शब्दाच्या शेवटच्या u वर बोट ठेवले. ‘गाडी पाठव’ असे सांगायचे असते तर तो u आला नसता. ‘पाठवू’ म्हटले की पुढे ‘नको’, ‘नका’, ‘नये’ यांपैकी काहीतरी यावे लागते, नाहीतर तो प्रश्न किंवा ‘आम्हीच पाठवू’ असा बेत असावा लागतो. म्हणजे ‘उदय, नॅनो पाठव’ हे वाचन आधीच बाद झाले. उरलेल्या दोघांतून निवड करताना त्यांनी एवढेच विचारले की गाडी कोणाकडे आहे. गाडी ठरवणारी पेढी, माल शेतकऱ्याच्या दारात. ज्याच्याकडे गाडी नाही तो ‘पाठवू का’ असे विचारणार नाही, की ‘पाठवू’ असे कळवणारही नाही. म्हणून ‘नको’. नकार ज्या शब्दात असतो तो तीन-चार अक्षरांचा आणि दुरुस्तीला सहज बळी पडणारा असतो, आणि तो पडला की निरोप नुसता विद्रूप होत नाही, उलटा होतो, असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला. यात गेलेल्या वेळात आपण तीन निरोप उरकले असते.

old चे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तेथे दोन्ही अर्थ बाजारात रोज चालतात. हळदीत नवा माल आणि जुना माल हा भेद आहेच, शेतकरीही मध्येच एखादा इंग्रजी शब्द वापरतो, तेव्हा ‘माल जुना आहे’ हे सहज पटते. एका अक्षराच्या अंतरावर ola आहे, म्हणजे ‘माल ओला आहे’. अक्षरे दोन्हींच्या बाजूने सारखीच साक्ष देतात, आणि या ठिकाणी कळफलकाचा उपयोग संपतो. दिवाणजींनी मग खिडकीबाहेर पाहिले. एप्रिल म्हणजे शिजवून वाळत घातलेली नवी हळद खळ्यावर असण्याचे दिवस, आणि आदल्या रात्री वळवाचा पाऊस झालेला. वाळलेल्या हळदीत ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. भिजलेली पोत्यात भरली तर बुरशी धरते, म्हणून गाडी नको. जुना माल मात्र गाडी परत फिरवण्याचे कारण होत नाही. एक अंदाज दुसऱ्याला आधार देत नसेल तर दोन्ही पुन्हा तपासावेत, अशी त्यांची रीत. आपण हवामानखात्याचे नोकर नाही, तेव्हा ‘जुना’ लिहून मोकळे व्हावे. किंवा निष्ठेने शब्दशः जायचे असेल तर ‘मॉलचे म्हातारपण’ असे करावे.

हे सर्व भाषांतराच्या आधी करावे लागते, नंतर नाही, असेही दिवाणजी बजावतात. age शेजारी ahe दिसतो तो रोमन कळांवर. एकदा त्याचे कन्नडात ‘वृद्धाप्य’ केले की विजापुरात बसलेल्या माणसाला त्यावरून ‘आहे’पर्यंत येण्याची कोणतीही वाट उरत नाही, आणि मोडका निरोप पाहून जो सावध झाला असता तो सुबक वाक्य पाहून निश्चिंत होतो. आपल्यासाठी हीच तर सोयीची बाब आहे! चूक एकदा दुसऱ्या भाषेत शुद्ध लिहिली की ती सापडत नाही.

या बाबतीत आपण एकटे नाही, हा दिलासा बाळगावा. जुन्या संगणकांच्या कोशात co-operation हा शब्द मधल्या रेघेसह होता, रेघेविना नव्हता. तो रेघेविना लिहिला की यंत्र Cupertino असे सुचवी, जे कॅलिफोर्नियातल्या एका गावाचे नाव आहे. युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत सहकार्याच्या जागी ते गाव जाऊन बसले, आणि संघाच्या भाषांतरकारांनी या प्रकाराला त्याच गावाचे नाव देऊन टाकले. एवढ्या मोठ्या दरबारात जे खपले ते हळदीच्या पेढीवर खपायला काय हरकत आहे?

आकड्यांविषयी तर निर्धास्त असावे. फोन आकडे दुरुस्त करत नाही, म्हणून 40 म्हणजे चाळीसच. 49 लिहिताना बोट शेजारच्या कळेवर पडले असेल तर ते निरोपात कोठेही दिसणार नाही, आणि कितीही विचार केला तरी उमगणार नाही. ते विचारल्याशिवाय कळण्याचा मार्गच नाही. विचारायचेच झाले तर ‘निरोप बरोबर आहे ना?’ एवढेच विचारावे. समोरून अंगठा येतो, आणि तो पुरावा म्हणून जपून ठेवता येतो. दिवाणजी देवनागरीत ‘काका, उद्या गाडी नको, चाळीस पोती भिजली आहेत, असेच ना?’ असे लिहून पाठवतात, म्हणजे काकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावेच लागते. अशाने संबंध बिघडतात.

आता आपले कन्नड भाषांतर पोहोचल्यावर विजापूरहून उत्तर येईल. ट्रकवाला शहाणा असतो. नॅनो आणि म्हातारपण वाचून त्याला शंका येते, पावसाची बातमी त्यालाही असते, आणि तो कन्नडात, इंग्रजी अक्षरांत, नेमके तेवढेच विचारतो : nale gadi beda? म्हणजे उद्या गाडी नको का? त्याच्या फोनला कन्नडही येत नाही. त्यामुळे पडद्यावर उमटेल Male gadi bed? आपण त्याचे ‘पुरुषासाठी गाडीत बिछाना हवा काय?’ असे मराठी करून पेढीच्या मालकांना वाचून दाखवावे, आणि ते ‘ड्रायव्हरला झोपायला लागतोच, हो म्हणून सांगा’ म्हणाले की आपल्या कन्नडात ‘हो, गाडी रात्रीच पाठवा’ असे कळवून टाकावे. पहाटे रिकामी फिरलेल्या गाडीचे भाडे कोणाच्या खात्यावर टाकायचे हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब दिवाणजी पाहतात.