तांबं, पाणी आणि मेररची रोजनिशी

पिरॅमिड माणसांनी बांधलाच नाही, असं म्हणणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले: "ग्रेट पिरॅमिडमध्ये तेवीस लाख दगड आणि बांधायला वीस वर्षं, म्हणजे दर दोन मिनिटांना एक दगड! लोखंड नव्हतं, कप्पी नव्हती, तांब्याने तर ग्रॅनाइटवर ओरखडाही उठत नाही. ऐंशी टनांचे दगड चढवले कुणी? याची एक तरी लेखी नोंद दाखवा!"

आधी तांब्याचं बघू. इजिप्तचा राजा खूफू याच्या या पिरॅमिडमधला बहुतेक दगड ग्रॅनाइट नाही, चुनखडक आहे, आणि तो पिरॅमिडच्या दक्षिणेला काहीशे मीटरवरच्या खाणीतून निघाला. चुनखडक मऊ. भोवती चर खणायचा, तांब्याच्या छिन्नीने आणि दगडी हत्यारांनी चिरा मोकळा करायचा, मग खालच्या थराच्या सांध्यात पहारीसारखी लाकडं घालून उचकटायचा. छिन्नी पटकन बोथट होते, म्हणून धार लावणारी माणसं सोबत लागतात. एवढाच तो अडथळा.

ग्रॅनाइट मात्र खरंच तांब्याने कापला जात नाही. तो वाळूने कापला जातो. दात नसलेलं तांब्याचं पातं दगडावर पुढेमागे ओढायचं आणि फटीत गारगोटीची वाळू टाकत राहायचं. कापते ती वाळू, पातं फक्त तिला दाबून धरतं. असे प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिलेत. तासाला काही मिलिमीटर खोली मिळते आणि तांबंही झिजतं. खूफूच्या ग्रॅनाइटच्या शवपेटीवर याची खूण आहे. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने १८८०-८२ मध्ये मोजमाप करताना तिच्या उत्तर टोकाला ती पाहिली. करवत जास्त खोल गेली, कारागिरांनी ती मागे घेऊन पुन्हा सुरुवात केली, तरी चुकलं, आणि थोडं खाली त्यांनी ती दुसऱ्यांदा मागे घेतली. हात थकलेल्या माणसांची चूक त्या दगडावर अजून दिसते. दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानच्या खाणीत तर डोलेराइटचे गोटे ग्रॅनाइटवर आपटत चर पाडायचे. डोलेराइट म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा जवळचा भाऊ, कठीण आणि चिवट.

आता ओढणं. चाक असतं तरी भुसभुशीत वाळूत रुतलं असतं. तिथे लाकडी घसरगाडीच बरी. दैर अल-बर्शा इथल्या जेहुतिहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात (हे पिरॅमिडनंतर सहा-सातशे वर्षांचं) प्रचंड पुतळा घसरगाडीवर ओढणारी १७२ माणसं रंगवलेली आहेत. गाडीच्या पुढ्यात उभा राहून एकजण जमिनीवर पाणी ओततोय. बरीच वर्षं याला धार्मिक विधी समजत. २०१४ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी करून पाहिलं: कोरडी वाळू गाडीपुढे ढीग होऊन अडते, पण प्रमाणात ओली केली की कण एकमेकांना धरतात, जमीन घट्ट होते आणि लागणारा जोर जवळपास निम्मा होतो. पाणी जास्त झालं तर मात्र फायदा जातो.

दोन मिनिटांचा हिशेब फसतो तो इथे. तो सगळे दगड एकाच रांगेत उभे करतो. दहा तासांच्या दिवसाला सव्वातीनशे दगड धरा. अडीच टनांचा चिरा, घर्षणाला साधारण सातशे-साडेसातशे किलोंचा जोर, दहाला एक चढ असेल तर आणखी अडीचशे. म्हणजे एक टन. माणशी पंचवीस किलो धरले तर चाळीस जणांची टोळी. टोळीने दिवसाला पाचच खेपा केल्या तरी पासष्ट टोळ्या पुरतात, सुमारे २,६०० ओढणारे. खाणवाले, पाणके, भाकरी भाजणारे वेगळे.

वर चढवण्याबाबत अभ्यासकांत अजून वाद आहे, पण तो उताराच्या आकारावर आहे. एकच सरळ उतार शिखरापर्यंत नेला तर त्याचाच डोंगर होईल. मात्र पिरॅमिडच्या आकारमानाचा सत्तर टक्के भाग खालच्या एक तृतीयांश उंचीतच असतो, तेव्हा उंचावर न्यायचे दगड फार थोडे. हतनूबच्या खाणीत खूफूच्याच काळातला तीव्र उतार सापडलाय, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांच्या खाचा असलेला. खांबाला दोर गुंडाळून वरून-खालून जोर लावता येतो. कप्पीवाचून दोराला वळण मिळतं. ऐंशी टनांपर्यंतच्या तुळया आहेत, पण त्या मोजक्या. राजाच्या दालनावरच्या त्या, अस्वानहून नाईलमार्गे आलेल्या.

आणि नोंद? २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पुरातत्त्वज्ञ पिएर तालेच्या चमूला पपायरस सापडले. त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, खूफूच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांची. सुमारे चाळीस माणसं घेऊन तो तुराच्या खाणीतला पांढरा चुनखडक होडीने गिझाला, याच पिरॅमिडच्या जागी, नेई, दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. आज तुराला दगड भरले, रात्र तिथेच काढली, उद्या निघालो: पानामागून पान हेच.