ऊस बिलाची तारीख विचारणं वैयक्तिक कसं?

"वादात माणसावर बोलायचं नाही, मुद्द्यावर बोलायचं. कुणाचा इतिहास काढलात की ती वैयक्तिक टीका झाली. आणि जो वैयक्तिक झाला, तो वाद हरला."

आमच्या वाळवा तालुक्यात साखर कारखान्याची निवडणूक लागली की हा मेसेज फोनाफोनी फिरतो. एका बैठकीत एका म्हाताऱ्या सभासदानं माजी संचालकाला मागच्या बिलांची तारीख विचारली, तर हेच ऐकवून त्याला खाली बसवलं. ते मला पटलं नाही, म्हणून एकेक वाक्य घेतो.

पहिल्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. माणूस हिशेब मांडतो तेव्हा हिशेब तपासायचा. माणूस "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणतो तेव्हा मात्र तो माणूसच मुद्दा असतो.

समजा, हाच संचालक फळ्यावर लिहितो: २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३४० रुपये, त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. उतारा १२.२५ धरला तर क्विंटलला ४०६ रुपये ४० पैसे, म्हणजे टनाला ४,०६४. तोडणी-वाहतूक ९०० धरून वजा केली की हातात ३,१६४. आता तो किती दिवस तुरुंगात होता, त्याच्या घरात काय चाललंय, त्याची जात कोणती, यातल्या कशानंही ३,१६४ चे ३,१६३ होत नाहीत. "असल्या माणसाचा हिशेब काय ऐकायचा" असं म्हणणं ही खरी वैयक्तिक टीका. हिशेबात खोट काढायची असेल तर उतारा खरंच १२.२५ होता का, तोडणी-वाहतुकीचे ९०० कुठून आले, हे विचारा. त्याचा कारखान्यात स्वार्थ असेल तर आकडे दुप्पट काळजीनं तपासावेत, पण न तपासता फेकून देता येत नाहीत.

त्याच सभेत तो पुढे म्हणतो, "निवडून द्या, १४ दिवसांत एकरकमी बिल देतो." हा हिशेब नाही, शब्द आहे. शब्द तपासायला फळा उपयोगाचा नाही. त्यानं आधी दिलेले शब्द पाळले का, एवढंच आपल्यापाशी असतं.

म्हणून दुसऱ्या वाक्याचं उत्तर काटा पावतीत आणि पासबुकात आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. पावतीवर ऊस घातल्याची तारीख असते, पासबुकात पैसे जमा झाल्याची. दोन्हींत ५४ दिवसांचं अंतर निघालं तर ४० दिवस उशीर. ३,१६४ रुपयांवर त्याचं व्याज टनाला साधारण ५२ रुपये होतं, साठ टन घातलेल्या शेतकऱ्याचं तीन हजारांच्या वर. त्या म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं होतं.

पण रेकॉर्ड काढणाऱ्यावरही जबाबदारी येते. उशीर झाला त्या हंगामात तो माणूस संचालक होता का? ठरावाच्या वेळी त्यानं विरोध नोंदवला असेल तर ते इतिवृत्तात दिसेल, आणि मग दोष त्याच्या माथी मारणं अन्याय आहे. एकाच हंगामात उशीर झाला की दरवर्षी, हेही बघायला हवं. त्याला उत्तर द्यायची संधी न देता नुसती तारीख भिरकावली, तर टीका खरी असूनही अर्धवट राहते. आणि त्याच्या मुलीच्या लग्नाचा खर्च काढला, तर १४ दिवसांच्या शब्दाशी त्याचा काडीचा संबंध उरत नाही.

त्या दिवशी संचालकानं उत्तर दिलं ते असं: "तुमच्या पॅनेलच्या काळात कुठं वेळेवर मिळत होतं?" याला आपल्याकडे जुनं नाव आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे वाद कसा करावा हे सांगणाऱ्या जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, वाद हरल्याच्या खुणांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातलं एक 'मतानुज्ञा': आपल्यावरचा दोष न खोडता तोच दोष समोरच्यावर टाकणं. न खोडल्यामुळे दोष आपल्याला मान्य आहे असं धरलं जातं. समोरच्या पॅनेलचाही उशीर झाला असेल, पण त्यानं यांचे ४० दिवस कमी होत नाहीत.

तिसरं वाक्य तर सरळ चूक आहे. म्हाताऱ्याच्या तोंडून रागात "चोर" असा शब्द गेला होता, आणि तो जायला नको होता, कारण उशीर म्हणजे चोरी नव्हे. पण त्या शब्दानं त्याची काटा पावती खोटी ठरत नाही. प्रश्नाच्या जागी शिवी दिली असती तर उत्तर द्यायला काही उरलं नसतं. इथं शिवी प्रश्नासोबत आली होती. अध्यक्षांनी "तो शब्द मागे घ्या" म्हणावं, त्यानं घ्यावा, आणि मग संचालकांनी उभं राहून ५४ दिवसांचं कारण सांगावं.