ओ मामा, एक विचारू काय?

पावसात टॅक्सी चालवताना सगळ्यात जास्त त्रास देते ती पुढची काच, आणि तिच्या खालोखाल मागचं भाडं. काच आतून धुरकटते. ओल्या कपड्यांतली चार माणसं श्वास सोडत बसली की पाच मिनिटांत समोरचा ट्रक दिसेनासा होतो. उपाय एकच, एसी चालू करायचा आणि वारा काचेवर सोडायचा. हवा कोरडी झाली की काच आपोआप साफ होते. पण एसी लावला की मागनं आवाज येतो, "मामा, गार लागतंय, बंद करा की." बंद केला की तोच आवाज म्हणतो, "मामा, दिसतंय ना तुम्हाला?"

परवा संध्याकाळी कोसळत होता. माझं घर नदीपलीकडं, वडणग्याला. शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीकडं निघालं की रस्त्यात रेडेडोह लागतो. पंचगंगा पात्राबाहेर पडून तिथनं फुटली की पन्हाळा रोडवर पाणी येतं आणि आमची वाट बंद होते. दुपारपासून मला एवढंच हवं होतं, रेडेडोह फुटला काय? घरी फोन लावला तर बायको म्हणाली, "येताना गवार आणा." प्रत्येक भाड्याला विचारत होतो. त्यांना मात्र वेगळंच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

स्टेशनवरनं पुण्याचं एक कुटुंब बसलं. अंबाबाईला जायचं होतं. दसरा चौक येईपर्यंत गप्प होते, मग काकूंनी विचारलं, "देवीच्या पायावर ऊन पडतं म्हणे, ते आज किती वाजता?"

आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. सकाळ झालीय हे आम्ही दुधाच्या गाडीवरनं ओळखत होतो. तरी नीट सांगितलं. किरणोत्सव नोव्हेंबरात 9, 10, 11 तारखेला असतो, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. त्या वेळी ढग आले की सगळेच हळहळतात. आत्ता तर जुलै.

काकूंनी खिडकीतनं वर बघितलं. "म्हणजे थोडं थांबलो तर?"

"थांबा की," मी म्हणालो. "नोव्हेंबरपर्यंत." काका हसले, काकू हसल्या नाहीत. रेडेडोहाचं विचारलं तर काका म्हणाले, "ते पण मंदिर आहे का?"

चप्पल लाइनीजवळ एक नवं जोडपं चढलं. मुलीच्या पायात कोरी करकरीत कोल्हापुरी, आणि तीच घालून ती गुडघाभर भिजत आली होती. बसताबसता म्हणाली, "दादा, तुमच्या गाडीच्या गरम हवेवर ही वाळेल का?"

ह्या प्रश्नाला मी गाडी कडेला घेऊन उत्तर दिलं असतं, इतका तो जिव्हाळ्याचा आहे. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. पाणी प्यायलं की फुगतं. उन्हात किंवा गरम हवेवर धरलं की भराभर सुकतं, आकसतं, आणि मग तळ वाकडा होतो. पुसून घ्यायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सावलीत वाऱ्यावर एक-दोन दिवस ठेवायची. पुरती वाळली की तेलाचा हात फिरवायचा. आणि पावसात मुळात घालायचीच नाही. आम्ही प्लास्टिकची घालतो. नवरा खूश झाला. "बघ, मी दुकानात हेच म्हणत होतो." तो असं काही म्हणाला नव्हता हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ताराबाई पार्कात उतरेपर्यंत दोघांनीही पुढं काही विचारलं नाही. पुराचं मीही विचारलं नाही.

शाहूपुरीत लातूरचा एक औषध विक्रेता चढला. स्टेशनला गाडी गाठायची होती. पुढच्या वळणावर बघतो तर नाल्याचं पाणी रस्त्यावर. मी थांबलो.

"घाला हो गाडी," तो म्हणाला. "पाण्याला काय भ्यायचं?"

लातूरकराला पाण्याचं भय नसावं, हे मी समजू शकतो. 2016 साली त्यांना आमच्या बाजूनं, मिरजेहून, रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पण गाडीला पाण्याचं भय असतं. मी एक रिक्षा पुढं जाऊ दिली आणि तिची चाकं बघितली. निम्म्याच्या खाली पाणी होतं. निम्म्याच्या वर असतं तर मागं वळलो असतो, मग रेल्वे सुटो. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर एकसारखा धरला, थांबायचं नाही आणि जोरातही जायचं नाही. जोरात गेलं की आपलीच लाट बॉनेटवर चढते. बरोबर मध्यावर असताना समोरनं बस आली. तिची लाट आपल्या लाटेला मिळाली की पाणी थेट हवेच्या नळीपर्यंत उडतं. माझा जीव पायात.

आणि मागनं प्रश्न आला, "मामा, पांढरा रस्सा आधी प्यायचा की तांबडा?"

मी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. मला डोळ्यांसमोर गल्लीतल्या एका ड्रायव्हरची गाडी दिसत होती. पाण्यात बंद पडली आणि त्यानं लगेच चावी फिरवली. इंजिननं हवेबरोबर पाणी ओढलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि खालचा रॉड वाकतो. स्टार्टर नुसता 'टक्' करून थांबला, तिथंच ओळखायला हवं होतं. हा मारत राहिला. बंद पडली तर ढकलत बाहेर काढायची, एअर फिल्टर उघडून बघायचा, ओला असला तर चावीला हात न लावता मेकॅनिक बोलवायचा. प्लग काढून तो आधी पाणी बाहेर काढतो. इंजिनाचा वेगळा विमा नसेल तर असल्या खर्चाला विमावाले बहुधा हात वर करतात.

पलीकडं निघालो, ब्रेक हलके दोन-तीनदा दाबून सुकवले आणि मगच तोंड उघडलं. "पांढरा आधी. तांबडा भाकरीबरोबर. आणि वाटी रिकामी झाली की मागायची, लाजायचं नाही."

"एवढा विचार करत होता होय?" तो म्हणाला.

मग एक आई आणि तिचं सातेक वर्षांचं पोरगं, कसबा बावड्याला. आई म्हणाली, "चला मामा, मी पुढं बसतो, हा मागं झोपंल." झोपतंय कुठलं. "नदी तर आडवी असते. मग तिचे फूट उभे कसे?"

त्याला सांगितलं की राजाराम बंधाऱ्यावर फूट रंगवलेले आहेत, पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते वाचायचं. 39 ला इशारा, 43 ला धोका. त्यानं थोडा विचार केला. "मग आकडे वर सरकवायचे की." मोठा होऊन चांगल्या खात्यात जाईल.

दसरा चौकात शेवटचं भाडं मिळालं, पटका बांधलेले आजोबा. "वडणगं," म्हणाले. माझी कळी खुलली. आपल्या गावचा माणूस, ह्याला सगळं ठाऊक असणार.

"आजोबा, रेडेडोह फुटला काय हो?"

"आरं, त्येच इचारायला तुझी गाडी केली," आजोबा म्हणाले. "टॅक्सीवाल्यास्नी सगळं ठावं असतंय म्हणत्यात." मग सीटवर पाय वर घेऊन मांडी घातली. "आणि त्यो पंखा बंद कर बघू, गार लागाय लागलंय."