चंद्र तापत नाही, उलट गार पडतो

"ग्रहणात चंद्र तापून लाल होतो, बघू नका, डोळे जातील!"

हा मेसेज वाचून जुईने आत्याला विचारलं, "खरंच तापतो?"

"उलट! ऊन अडतं, म्हणून त्याचा पृष्ठभाग तासाभरात शंभराहून जास्त अंशांनी गार होतो. आणि डोळे जपायचे ते सूर्यग्रहणात."

"मग लाल कशाने?"

"समज, तू तेव्हा चंद्रावर उभी आहेस. काय दिसेल?"

"काळी पृथ्वी. सूर्य तिच्यामागे."

"आणि तिच्या कडेने एक लालकेशरी कडं! त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय किंवा मावळतोय, तिथला तो उजेड. हवेतून लांबून येताना त्यातला निळा रंग विखुरतो. उरलेला लाल उजेड हवेमुळे किंचित वाकतो आणि सावलीत शिरून चंद्रावर पडतो."

"हवाच नसती तर?"

"चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला असता. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्यामुळे झालेलं धूसर धुकं हवेत उंचावर टिकून राहिलं आणि त्याने हा लाल उजेडही बराचसा अडवला. डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र इतका काळवंडला, की शोधावा लागला."

जुईने लगेच फोन उचलला. "मग मी उत्तर लिहू का?"